नदीच्या गाळात प्लास्टिक किती? मोजतात कसं, किड्यांवर परिणाम किती?

पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या कणाला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. नदीत हे कण तळाच्या गाळात साचतात आणि त्याच गाळात गांडुळासारखे किडे, झिंगे, शिंपले राहतात. त्यामुळे तपासणी गाळाचीच करावी लागते.

नमुना कसा घेतात?
तळाचा वरचा काही सेंटीमीटर गाळ स्टीलच्या चमच्याने काचेच्या बरणीत घेतात. प्लास्टिकची बादली वापरली तर तिचेच कण त्यात मिसळतील. गाळ मंद आचेवर वाळवून मिठाच्या दाट पाण्यात ढवळून ठेवतात. माती खाली बसते, हलकं प्लास्टिक वर तरंगतं. वरचं पाणी गाळून कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

इथेच एक गोची आहे. ठिबकची नळी पॉलिथिलीनची, ती तरंगते. पण पीव्हीसी पाइप आणि पाण्याच्या बाटलीचे तुकडे मिठाच्या पाण्यापेक्षा जड असतात, ते मातीबरोबर खाली राहतात. त्यासाठी झिंक क्लोराइडचं जास्त जड द्रावण लागतं. म्हणून कोणताही आकडा वाचताना द्रावण कोणतं होतं, ते आधी बघावं.

आकडा खरा की खोटा?
कपड्यांचे धागे हवेतूनही नमुन्यात पडतात. म्हणून गाळ न घालता तीच सगळी क्रिया एकदा करतात. समजा, १०० ग्रॅम कोरड्या गाळात ४६ कण दिसले आणि गाळाविना ६ दिसले, तर खरे ४०. दुसऱ्या नमुन्यात मुद्दाम ५० कण टाकले आणि ४० च परत मिळाले, म्हणजे पद्धत १०० पैकी ८० कण पकडते. मग ४० चे होतात ५०, म्हणजेच किलोला ५०० कण.

किड्यांवर काय परिणाम?
नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला. गोड्या पाण्यातल्या सहा प्रकारच्या जिवांना त्यांनी २८ दिवस पॉलिस्टायरीनचे कण मिसळलेल्या गाळात ठेवलं. प्रमाण शून्यापासून कोरड्या गाळाच्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाढवत नेलं. प्लास्टिकमुळे जिवंत राहण्याचं प्रमाण कोणत्याच जातीत घटलं नाही. मात्र गॅमारस नावाच्या झिंग्यासारख्या जिवाची वाढ कमी झाली. साधारण १ टक्का प्लास्टिकलाच त्याची वाढ १० टक्क्यांनी घटते, असा हिशेब निघाला.

म्हणजे नुसते मेलेले किडे मोजले असते तर 'काहीच झालं नाही' असा निष्कर्ष निघाला असता. वाढ मोजली म्हणून फरक दिसला. पण प्रयोग एकाच प्रकारच्या प्लास्टिकचा आणि फक्त २८ दिवसांचा होता. धागे, टायरची भुकटी किंवा वर्षानुवर्षांचा परिणाम यावरून सांगता येत नाही.