छापलेलं इंग्रजी समजतं, मग ऐकताना का निसटतं?

मराठी माध्यमात शिकलेल्या अनेकांना 'आय शुड हॅव टोल्ड हिम' हे वाक्य छापलेलं दिसलं की लगेच कळतं. आयईएलटीएससारख्या परीक्षेच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र ते 'आय शुडव टोल्डिम' असं ऐकू येतं आणि तिथेच गाडी अडते. मराठीत जवळपास प्रत्येक अक्षर स्पष्ट उच्चारलं जातं. इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दांवर जोर येतो, तर 'हॅव', 'हिम', 'टू' असे छोटे शब्द आक्रसतात. त्यात रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात; निसटलेला शब्द आठवत बसलं की पुढचं उत्तरही जातं.

नुसती सबटायटल्स वाचत मालिका पाहण्याचा इथे फारसा उपयोग होत नाही. डोळे वाचतात, कान सुट्टीवर! त्यापेक्षा लिखित मजकूर उपलब्ध असलेलं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग घ्यावं. तीनदा ऐकून शब्दन् शब्द लिहावा, मग मजकुराशी ताडून पाहावा. चुकलेला शब्द नवा असेल तर अर्थ पाहावा. ओळखीचा असूनही निसटला असेल तर तेवढाच तुकडा पुन्हा ऐकून त्याच वेगात, त्याच जोरासह मोठ्याने म्हणावा. तोंडाला 'शुडव' जमलं की कानही ते पकडू लागतो.

स्वतः बोलताना मात्र शब्द मुद्दाम गिळायची गरज नाही. आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेत केवळ मराठी वळणासाठी गुण कापत नाहीत. बोलणं सहज समजतं का, ते पाहतात.