दोन घड्याळांच्या मधला क्षण

संगणकाच्या यूएसबी पोर्टला जोडलेली एक साधी सिरियल वायर. तिच्यावरून सेकंदाला १,१५,२०० बिट या वेगाने अक्षरे येतात आणि एफपीजीए चिपमधला रिसीव्हर ती वाचतो. वायर रिकामी असताना तिच्यावर सतत १ असतो. अक्षर सुरू होताना ती ०वर उतरते, आणि हा उतार दिसला की रिसीव्हर जागा होतो. मांडणी सरळ आहे, सिम्युलेशनमध्ये सगळे नीट चालते. तरीही अशा मांडणीतला बोर्ड अधूनमधून मध्येच गप्प होऊ शकतो. रिसेट केला की पुन्हा ठणठणीत. कोड नव्याने कंपाइल केला की दोष नाहीसा झाल्यासारखा वाटतो, आणि पुढच्या बदलानंतर परत डोके वर काढतो.

मूळ अडचण अशी की इथे दोन घड्याळे आहेत. एफपीजीएच्या आतले सगळे काम १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर, म्हणजे दर १० नॅनोसेकंदांनी पडणाऱ्या ठोक्यावर चालते. वायरीवरचा सिग्नल मात्र संगणकाकडच्या स्फटिकाच्या तालावर बदलतो. त्या तालाचा चिपच्या ठोक्याशी काही संबंध नाही. त्यामुळे वायरीवरचा बदल ठोक्याच्या आधी होईल, नंतर होईल, किंवा नेमका त्याच्यावरच येऊन आदळेल.

फ्लिप-फ्लॉपला हे शेवटचे चालत नाही. ठोक्याच्या किंचित आधीपासून किंचित नंतरपर्यंत इनपुट स्थिर असायला हवे, अशी त्याची अट असते. आधीच्या वेळेला सेटअप टाइम आणि नंतरच्या वेळेला होल्ड टाइम म्हणतात. फ्लिप-फ्लॉपच्या आत दोन इन्व्हर्टर एकमेकांच्या शेपट्या धरून बसलेले असतात आणि एकमेकांना ० किंवा १वर टिकवून ठेवतात. अट मोडली तर ही जोडी मधल्याच एखाद्या व्होल्टेजवर अडकू शकते, जिथे दोन्ही बाजूंची ओढ जवळजवळ समान असते. हीच मेटास्टेबिलिटी. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पावसाचा थेंब जरासा पश्चिमेला पडला तर अरबी समुद्राकडे जातो, पूर्वेला पडला तर कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराकडे. बरोबर धारेवर पडलेला थेंब मात्र रेंगाळतो. फ्लिप-फ्लॉपही असाच शेवटी एका बाजूला जातोच, पण त्याला किती वेळ लागेल याला वरची मर्यादा नाही.

अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील थॉमस चेनी आणि चार्ल्स मोल्नार यांनी १९७३ साली या वर्तनावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी ऑसिलोस्कोपवर टिपलेल्या चित्रांत फ्लिप-फ्लॉपचे आउटपुट खरोखरच मध्ये लटकलेले दिसत होते. कागदावरची शंका अशी डोळ्यांना दाखवणे फार मोलाचे होते, कारण तर्कपद्धतीच्या आकृतीत ० आणि १ यांच्यामध्ये काही नसतेच.

रिसीव्हरमध्ये नुकसान कसे होते ते पाहू. समजा त्याची अवस्था दोन बिटांत साठवली आहे: ‘थांबलेला’ म्हणजे 00 आणि ‘अक्षर सुरू’ म्हणजे 11. वायर ०वर उतरली की दोन्ही बिट एकदम बदलायला हवेत. पण लटकलेला सिग्नल एका बिटाकडे ० म्हणून पोचला आणि दुसऱ्याकडे १ म्हणून, तर अवस्था होते 01. डिझाइनमध्ये अशी अवस्थाच नाही, तिच्यातून बाहेर पडायची वाटही कोणी लिहिलेली नाही. बोर्ड गप्प.

यावरचा रूढ उपाय म्हणजे ओळीने दोन फ्लिप-फ्लॉप:

```verilog
(* ASYNC_REG = "TRUE" *)
reg rx_s1 = 1'b1, rx_s2 = 1'b1;

always @(posedge clk) begin
  rx_s1 <= rx;
  rx_s2 <= rx_s1;
end
```

पुढचे सगळे सर्किट फक्त `rx_s2` वाचते. `rx_s1` लटकला तर लटकू द्यावा. त्याला पुढच्या ठोक्यापर्यंत सावरायला जवळजवळ पूर्ण १० नॅनोसेकंद मिळतात. तो जुन्या किमतीवर स्थिरावला तरी हरकत नाही, कारण पुढच्या ठोक्याला नवी किंमत टिपली जाते. बदल एक ठोका उशिरा दिसतो, इतकेच. या दोन ओळींचे खरे काम म्हणजे वेळ विकत घेणे.

हा वेळ किती पुरतो, हे एका सूत्राने काढतात. त्यातून दोन बिघाडांमधला सरासरी काळ मिळतो:

```
MTBF = e^(t/τ) / (Tw × fc × fd)
```

`t` म्हणजे सावरायला मिळालेला वेळ, `τ` म्हणजे फ्लिप-फ्लॉप किती चपळाईने सावरतो त्याचे माप, `Tw` म्हणजे धोक्याची खिडकी, `fc` क्लॉकचा वेग आणि `fd` म्हणजे इनपुट सेकंदाला किती वेळा बदलते ती संख्या. उदाहरणादाखल `τ` २०० पिकोसेकंद, `Tw` १०० पिकोसेकंद आणि `fd` एक लाख धरू. एकच फ्लिप-फ्लॉप असेल, पुढच्या लॉजिकने ठोक्यातला बहुतेक वेळ खाल्ला असेल आणि सावरायला १ नॅनोसेकंद उरला असेल, तर सेकंदाला सुमारे सात वेळा गडबडीची शक्यता निर्माण होते. प्रत्येक वेळी बोर्ड अडकेलच असे नाही, पण संधी तितक्या. दुसरा फ्लिप-फ्लॉप घातला आणि ९ नॅनोसेकंद मिळाले, तर तोच काळ शंभर कोटी वर्षांच्या पुढे जातो. वेळ नऊपट झाला. पण तो घातांकात बसला आहे, म्हणून फळ असे अफाट.

हीच गोष्ट उलटही फिरते. क्लॉक २५० मेगाहर्ट्झ केला की ठोका ४ नॅनोसेकंदांचा होतो आणि हाती ३च उरतात. मग तेच दोन फ्लिप-फ्लॉप सरासरी २२ मिनिटांनी दगा देतील. तिसरा जोडला की हिशेब शंभर वर्षांच्या पुढे जातो. ‘दोन पुरे’ हा नियम डोळे मिटून वापरू नये तो याचसाठी. चिपचा व्होल्टेज कमी झाला तर `τ` वाढतो, तोही हिशेबात धरावा लागतो.

कोडमधल्या बारकाव्यांवरही बरेच अवलंबून असते. `<=` ऐवजी `=` लिहिले आणि ओळींचा क्रम हाच ठेवला, तर `rx` त्याच ठोक्यात थेट `rx_s2`मध्ये पोचतो आणि दोनाचा एकच फ्लिप-फ्लॉप उरतो. कोड मात्र दिसायला तसाच राहतो. `ASYNC_REG` ही व्हिव्हाडो साधनासाठीची सूचना आहे: या दोघांना जवळजवळ बसव आणि त्यांची घडी घालून दुसरे काही बनवू नकोस. लांबच्या वायरीत गेलेला वेळ सावरण्यातून वजा होतो, म्हणून ही जवळीक महत्त्वाची. सुरुवातीची किंमत १ ठेवायची, कारण रिकामी वायर १वर असते; ० ठेवली तर चालू होताक्षणीच खोटे अक्षर सुरू झाल्याचा भास होईल.

सिम्युलेशनमध्ये यातले काहीच का दिसत नाही? साध्या आरटीएल सिम्युलेशनमधला फ्लिप-फ्लॉप नेहमी तत्काळ ० किंवा १ होतो. त्यामुळे सिंक्रोनायझर विसरला तरी सगळ्या चाचण्या पास होतात. म्हणून अनुभवी लोक बाहेरून येणाऱ्या प्रत्येक तारेची यादी करतात आणि ती कुठे पोचते ते हाताने किंवा तपासणीच्या साधनाने शोधतात. एकच बाहेरची तार दोन ठिकाणी थेट वाचली जात असेल, तर तिथे बोट ठेवतात.

आणि ही मांडणी फक्त एका तारेपुरती आहे. आठ तारांवर एखादी मोजणी येत असेल आणि प्रत्येक तारेला स्वतंत्र जोडी लावली, तर 0111 वरून 1000 होताना काही बिट एक ठोका आधी पोचतात, काही नंतर, आणि मध्ये अगदी 1111 सुद्धा वाचले जाऊ शकते. इथे प्रत्येक बिट स्वतः स्थिर असतो, चुकतो तो सगळ्यांचा मेळ. म्हणून अशा मोजण्या आधी ग्रे कोडमध्ये बदलतात. त्यात एका पायरीला एकच बिट बदलतो, आणि उशीर झालाच तर वाचणाऱ्याला जुनी किंवा नवी संख्या मिळते, तिसरी नाही.