आधी, नंतर आणि मधले गाळलेले

तंदुरुस्तीच्या वर्गांच्या जाहिराती आता एका साच्यात येतात. डावीकडे एक छायाचित्र, उजवीकडे दुसरे, मध्ये बाण. खाली वजनाचे आकडे, आणि सर्वांत तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ. अशा जाहिरातींतल्या नेहमीच्या गोष्टी एकत्र करून एक नमुना घेऊ. पानभर जाहिरात आहे. ३४ वर्षांची एक स्त्री. ‘आधी : ७८ किलो, थकलेली, आळसावलेली. नंतर : ६० किलो, आत्मविश्वासाने भरलेली. फक्त ९० दिवसांत १८ किलो चरबी गायब! उपाशी राहणे नाही, पोटभर घरचे जेवण.’ तळाशी : ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात.’

हा दावा खरा की खोटा, हे आपल्याला त्या बाईंना न भेटता ठरवायचे आहे. त्यासाठी कागद, पेन्सिल आणि एक पट्टी पुरते.

सुरुवात आकड्यांपासून करू, कारण ते तपासायला सर्वांत सोपे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. १८ किलो चरबी जायची तर १,३८,६०० किलोकॅलरींची तूट पडायला हवी. ९० दिवसांनी भागले की रोजची तूट १,५४० येते. या वयाची, ७८ किलो वजनाची, मध्यम उंचीची आणि नियमित व्यायाम करणारी स्त्री दिवसाला अंदाजे २,२०० किलोकॅलरी खर्च करते. त्यातून १,५४० वजा केल्या की खायला उरतात ६६०. म्हणजे एका वेळचे साधे जेवण, तेही सलग तीन महिने. शिवाय वजन उतरेल तसा शरीराचा खर्चही उतरतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यांत हा हिशेब आणखी आवळतो.

‘पोटभर घरचे जेवण’ आणि ‘१८ किलो चरबी’ ही दोन वाक्ये एकाच जाहिरातीत खरी असू शकत नाहीत. दिवसाला ८०० किलोकॅलरींखालचा आहार डॉक्टर काही रुग्णांना देतात, पण तो देखरेखीखाली. इतक्या झपाट्याने वजन उतरले की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

वजनकाट्याने १८ किलोंचा फरक दाखवलाच नसेल, असे मात्र यावरून म्हणता येत नाही. काटा चरबी मोजत नाही, सगळे शरीर मोजतो. यकृतात आणि स्नायूंत मिळून अर्धा किलोच्या आसपास ग्लायकोजेन साठलेले असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. भात-पोळी एकदम कमी केली की पहिल्या काही दिवसांतच दीड-दोन किलो उतरतात. ती चरबी नव्हे. पुन्हा नेहमीचे जेवण सुरू झाले की तेवढे वजन परत येते. ‘आधी’चे वजन रात्री जेवून कपड्यांसह आणि ‘नंतर’चे सकाळी उपाशीपोटी घेतले, तर त्यात आणखी भर पडते. म्हणून ‘किलो’ या शब्दापुढे ‘चरबी’ हा शब्द दिसला की तो कसा मोजला, असे विचारावे.

आता छायाचित्रे. नमुन्यातल्या पहिल्या छायाचित्रात प्रकाश समोरून पडतो आहे, खांदे पुढे झुकलेले, पोट सैल सोडलेले, चेहरा उतरलेला. दुसऱ्यात प्रकाश वरून आणि बाजूने येतो. त्यामुळे पोटाच्या आणि दंडाच्या प्रत्येक उंचवट्याशेजारी सावली पडते आणि स्नायू कोरल्यासारखे दिसतात. खांदे मागे, श्वास आत, कपडे गडद आणि अंगाबरोबर बसणारे. छायाचित्राआधी दहा मिनिटे जोर काढले की स्नायूंत रक्त भरून ते काही काळ फुगीर दिसतात. केवळ एवढ्या बदलांवर, एकाच दिवशी ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे काढून काही प्रशिक्षकांनी स्वतःच हा प्रकार उघड केला आहे.

मात्र प्रकाश वेगळा आहे म्हणून माणूस बारीक झालाच नाही, असा निष्कर्ष काढू नये. प्रकाश बदलला, एवढ्याने छायाचित्राची पुरावा म्हणून किंमत कमी होते, इतकेच. फेरफार झाला का, हे पाहायला पट्टी लागते.

दोन्ही छायाचित्रांत बाईंची उंची सारखीच छापली आहे. कंबरेची रुंदी पहिल्यात ४० मिलिमीटर भरते, दुसऱ्यात ३०. म्हणजे कंबर पंचवीस टक्क्यांनी आक्रसलेली दिसते. मागच्या भिंतीवर, साधारण खांद्याच्या उंचीला, एक गोल घड्याळ आहे. पहिल्यात ते २० मिलिमीटर उंच आणि तितकेच रुंद आहे. दुसऱ्यात उंची २०, रुंदी मात्र १८. घड्याळ डाएट करत नाही. म्हणजे दुसरे छायाचित्र आडव्या बाजूने दहा टक्के दाबलेले आहे. दाबण्यापूर्वी कंबर ३० नव्हे, सुमारे ३३ मिलिमीटर होती. खरा फरक पंचवीस नव्हे, सतरा टक्क्यांच्या आसपास. बाई बारीक झाल्या आहेत, पण दिसतात तेवढ्या नाहीत.

इथे घाई नको. कॅमेरा भिंतीला तिरका धरला, तरी गोल वस्तू चिंचोळी दिसते. पण तसे असते तर भिंतीवरच्या फरश्यांच्या आडव्या रेषा एका बाजूला जवळ येत गेल्या असत्या. नमुन्यात त्या समांतर आहेत. रुंद कोनाच्या भिंगामुळेही वस्तूंचा आकार बिघडतो, पण छायाचित्राच्या डाव्या-उजव्या कडेची वस्तू त्याने रुंदावते, चिंचोळी होत नाही. खातरजमेसाठी डोळे पाहावेत. वजन उतरले की गाल बसतात, पण प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधले अंतर कमी होत नाही. चेहरा दोन्हीकडे समोर वळलेला असेल आणि तेही अंतर एक दशांशाने घटले असेल, तर शंका उरत नाही.

तिसरी गोष्ट ओळींची. छायाचित्राखालची ओळ काय सांगते, यापेक्षा काय गाळते ते महत्त्वाचे. पहिले छायाचित्र कधीचे? बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यातले असेल, तर पुढच्या महिन्यांत उतरलेल्या वजनाचा काही भाग वर्गात न जाताही उतरलाच असता. त्या काळात बाईंनी आणखी कोणते उपचार घेतले? वजन उतरवणारी इंजेक्शने २०२५ पासून भारतातही मिळू लागली आहेत. ती घेतलेली असताना सगळे श्रेय व्यायामाला देणे हा खोटेपणाच. आणि ‘नंतर’चे छायाचित्र ९० व्या दिवसाचे असेल, तर वर्षाने काय झाले?

याच इंजेक्शनांच्या चाचण्या तुलनेला उपयोगी पडतात. सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत औषध घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरले. ज्यांना आहार-व्यायामाचा सल्ला आणि औषधाऐवजी नुसते बिनऔषधाचे इंजेक्शन मिळाले, त्यांचे उतरले २.४ टक्के. आपल्या नमुन्यातला दावा ७८ किलोंपैकी १८ म्हणजे २३ टक्क्यांचा आहे, आणि तोही तेरा आठवड्यांत.

पण चाचणीतला आकडा सरासरीचा आहे, त्यात अर्धवट सोडून गेलेल्यांचाही हिशेब धरलेला असतो. जाहिरातीत मात्र एकच व्यक्ती असते, आणि ती चिठ्ठी टाकून निवडलेली नसते. ५०० जणांनी पैसे भरले, २०० जण महिन्याभरात गळाले, उरलेल्यांपैकी एकीचे वजन सर्वांत जास्त उतरले, तिचे छायाचित्र छापले, असे समजा. त्यातला प्रत्येक शब्द खरा असला, तरी वाचणाऱ्याची फसवणूक होते. कारण तो मनातल्या मनात ‘मी गेलो तर माझे किती उतरेल’ हाच प्रश्न विचारत असतो आणि त्याचे उत्तर त्या एका छायाचित्रात नसते.

‘परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात’ ही तळातली ओळ या दोषाची भरपाई करते, असा जाहिरातदारांचा समज असतो. ती करत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्येच अशा ओळीची पळवाट बंद केली. असामान्य परिणाम दाखवायचा, तर सर्वसाधारणपणे काय घडते तेही स्पष्ट सांगा, असा तिथला दंडक आहे. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खुलाशाची ओळ मूळ दाव्याच्या विरोधात जाऊ नये, दिशाभूल करणारा दावा तिने सावरू नये, ती दाव्याच्याच भाषेत आणि ठळक दिसेल अशी असावी, असे त्यांत आहे. पहिल्या उल्लंघनाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे करता येते. परिषद ही जाहिरात व्यवसायाने स्वतः उभारलेली संस्था आहे. तक्रार करताना जाहिरातीची प्रत, तारीख आणि नेमके आक्षेपार्ह वाक्य द्यावे.

उरतो प्रामाणिकपणाच्या पलीकडचा, न्याय्यतेचा मुद्दा. ‘आळसावलेली’ हा शब्द वजनकाट्यावर मोजता येत नाही. ७८ किलोंची बाई आळशी आणि ६० किलोंची आत्मविश्वासू, हे जाहिरात लिहिणाऱ्याचे मत आहे, ते मोजमापाच्या शेजारी बसवून मोजमापासारखे विकले जाते. शरीराच्या ठेवणीवरून कोणालाही हिणवणे जाहिरात परिषदेच्या संहितेतही बसत नाही. छायाचित्रातल्या बाईंनी संमती दिली असेल ती छायाचित्राला. त्या विशेषणाला दिली होती का, हेही विचारायला हवे.

हीच जाहिरात सरळपणे लिहायची तर छायाचित्राखालचा मजकूर असा होईल : ‘दोन्ही छायाचित्रे एकाच खोलीत, एकाच प्रकाशात, सकाळी उपाशीपोटी काढलेली. मधला काळ ९० दिवस. वजन ७८ वरून ७१ किलो. या काळात दुसरा कोणताही औषधोपचार नाही. या तुकडीत किती जणांनी नाव नोंदवले, किती जणांनी पूर्ण केले आणि नोंदवलेल्या सर्वांचे सरासरी वजन किती उतरले, ते आकडे शेजारी दिले आहेत. छायाचित्रातील व्यक्तीला शुल्कात सवलत मिळाली आहे.’ सात किलोंचा हा आकडा १८ पुढे फिका वाटेल. पण ७,७०० ने गुणून ९० ने भागून पाहा. रोजची तूट सहाशेच्या आत येते, आणि मग दिवसाला सोळाशे किलोकॅलरींचे घरचे जेवण खरोखरच ताटात उरते.