हसवा, पण कारण सांगा

मागच्या महिन्यात मामाच्या आठवणींच्या कार्यक्रमात मला बोलायचं होतं. मामा अख्खं आयुष्य हसवत राहिला. मग रडका चेहरा करून बोलू कसा? तेव्हा मला जॉन क्लीझचं एक भाषण आठवलं.

‘माँटी पायथन’मधला त्याचा मित्र ग्रॅहम चॅपमन १९८९ मध्ये, ४८व्या वर्षी कॅन्सरने गेला. दोघांनी मिळून मेलेल्या पोपटाचं एक प्रहसन लिहिलं होतं. शोकसभेत क्लीझने पोपटासाठीचे तेच शब्द मित्रासाठी वापरून सुरुवात केली. मग ‘केवढा गुणी माणूस’ असं गंभीर बोलला आणि लगेच त्याला सणसणीत शिवी हासडली. लोक दचकले, हसले. पुढे त्याने कारण सांगितलं: मी तुम्हाला धक्का दिला नसता, तर ग्रॅहमने मला कधीच माफ केलं नसतं!

खरी गंमत या कारणात आहे. विनोद गेलेल्या माणसाच्याच स्वभावातून आला, म्हणून तो टिंगल वाटला नाही. कारण कळलं आणि हसता हसता डोळे भरले.

मीही तेच केलं. मामा लग्नाला कायम उशिरा यायचा, पंगत मात्र कधी चुकली नाही. हे सांगून म्हटलं, “आयुष्यात एकदाच लवकर निघालास रे, तेही चुकीच्या ठिकाणी.” सगळे हसले. मामी आधी हसली, मग रडली.

तिला दुखवेल असा एक किस्सा मात्र मी आदल्या रात्रीच तिला विचारून गाळला होता.