नकाशावरचा ठिपका आणि हरवलेला इअरबड

आमच्या कचेरीतील एका तरुण वार्ताहराचे बिनतारी इअरबड्स परवा हरवले. पणजीच्या कदंब स्थानकावर म्हापशाची बस पकडताना ते आपल्यापाशी होते, एवढे त्याला आठवत होते. सकाळी डबी दिसेना, तेव्हा त्याने मोबाईलमधील शोधयंत्रणा उघडली. नकाशावर ठिपका होता तो नेमका पणजीच्या स्थानकावर, आणि शेजारी वेळ होती आदल्या सायंकाळची सहा वाजून दहा मिनिटे. ध्वनी वाजविण्याचे बटण दाबले, पण घरात काहीच ऐकू आले नाही. तेव्हा हा गृहस्थ पणजीस धावला, स्थानकावरील दुकानदारांना विचारून दमला आणि हात हलवीत परतला. डबी दुपारी सापडली ती घरीच, खुंटीला टांगलेल्या रेनकोटाच्या आतल्या खिशात! काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण अशी पुन्हा एकवार खरी ठरली.

यंत्राने त्याला फसविले काय? मुळीच नाही. यंत्राने जे सांगितले ते अक्षरशः खरे होते. त्याचा अर्थ लावण्यात चूक झाली. सर्वसाधारण इअरबडला स्वतःचा ठावठिकाणा कळत नाही. तो ब्लूटूथने मोबाईलशी जोडलेला असतो, आणि ती जोडणी तुटली की मोबाईल त्या क्षणीचे स्वतःचे स्थान टिपून ठेवतो. म्हणजे नकाशावरचा ठिपका हा वस्तूचा पत्ता नसून मोबाईलशी तिची अखेरची गाठ कोठे पडली याची नोंद असते. जोडणी तुटण्याची कारणेही तीन: वस्तू दूर राहिली, तिची बॅटरी संपली, अथवा ती डबीत ठेवून झाकण लावले. सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या वार्ताहराने बसमध्ये चढताना इअरबड्स डबीत ठेवले होते. ठिपका तेथेच थांबला. डबी मात्र त्याच्यासोबत घरी आली.

म्हणून ठिपक्यापेक्षा त्याच्या शेजारची वेळ आधी वाचावी आणि त्या वेळी आपण काय करीत होतो ते आठवावे. डबी बंद केल्याचे आठवत असेल, तर त्या ठिकाणापर्यंत वस्तू आपल्यापाशी होती एवढाच निष्कर्ष निघतो, आणि शोध त्या क्षणानंतरच्या वाटेवर घ्यावा लागतो. उलट, इअरबड कानातून निसटून बसच्या आसनाखाली पडला असता, तर प्रवासभर जोडणी टिकून उतरल्यावरच तुटली असती. ठिपका म्हापशाच्या थांब्यावर दिसला असता आणि इअरबड बसबरोबर पुढे गेला असता. अशा प्रसंगी थांब्यावर शोधण्यापेक्षा ती वेळ सांगून वाहकाकडे चौकशी करणेच शहाणपणाचे.

आता ध्वनीविषयी. आयफोनवर Find My आणि अँड्रॉइडवर Find Hub या ठिकाणी, वस्तू आधी खात्याशी जोडलेली असेल, तर ध्वनी वाजविता येतो. बहुतेक ठिकाणी डावा व उजवा निरनिराळा वाजतो. परंतु त्यासाठी इअरबड डबीबाहेर, बॅटरी असलेला आणि जोडणीच्या टप्प्यात हवा. हा टप्पा घरात साधारण दहा मीटरचा. जाड भिंती, माणसाचे शरीर आणि पाणी तो आणखी घटवितात. मिरामारच्या ओल्या वाळूत पुरलेला इअरबड चार पावलांवरूनही प्रतिसाद देईलच असे नाही. डबीबाहेरचा इअरबड काही तासांतच निपचित पडतो, म्हणून विलंब नको. पंखा, दूरदर्शन बंद करावे, प्रत्येक खोलीत क्षणभर थांबावे आणि मोबाईलवर जोडणी उमटते का ते पाहावे. ती उमटली पण आवाज आला नाही, तरी वस्तू जवळच आहे. गादी-उशांखाली हात घालावा. बंद डबीतले इअरबड मात्र सहसा वाजत नाहीत. स्वतःचा ध्वनिक्षेपक असलेल्या डब्या मोजक्याच. ॲपलच्या एअरपॉड्स प्रोच्या २०२२ मधील दुसऱ्या आवृत्तीत तो आला. तेव्हा शांतता म्हणजे वस्तू घरात नाही, असा निष्कर्ष काढू नये.

काही नव्या संचांना इतरांच्या मोबाईलांचे जाळे साहाय्य करते; जवळून जाणारा अनोळखी फोन त्यांचे स्थान कळवितो. गूगलचे असे जाळे २०२४ मध्ये सुरू झाले. पण त्याची मूळ मांडणी वर्दळीच्या जागांसाठी आहे, जेथे अनेक फोन त्या वस्तूला पाहतात. पणजीच्या बाजारात ते उपयोगी पडेल. माडांच्या बनातील वाड्यावर, जेथे दिवसाकाठी चार माणसे फिरकतात, तेथे नकाशा जुनाच ठिपका दाखवीत राहील.

आमच्या वार्ताहराने पणजीची वाट धरण्यापूर्वी सहा वाजून दहा मिनिटांनी आपण काय केले एवढे आठवले असते, तर रेनकोटाचा खिसा त्याला सकाळीच सापडला असता.