रश्श्यात बुडालेली बोटी कोरडी का लागते?

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी अनेक घरांत हाच संवाद ऐकू येतो. रानचं, म्हणजे मागच्या मांडीचं, चांगलं बोनलेस गोश्त निवडून सालन केलेलं असतं. रस्सा झकास, मसाला झकास, पण बोटी तोंडात टाकली की भुसा. मग अम्मी म्हणतात, "जनावर म्हातारं होतं," आणि कसायाच्या नावाने बोटं मोडली जातात. त्याच बकऱ्याच्या मानेचं आणि सीन्याचं गोश्त मात्र शेजारच्या पातेल्यात मऊ आणि रसरशीत झालेलं असतं. जनावर एकच, मग दोष वयाचा कसा? फरक आहे तो चरबी कुठे बसली आहे याचा.

पाणी आत जात नाही, बाहेर येतं

कच्च्या, बिनचरबीच्या गोश्तात सुमारे ७५ टक्के पाणी असतं. ते मांसाच्या बारीक धाग्यांत अडकलेलं असतं. गोश्त तापलं की हे धागे आक्रसतात. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे धाग्यांभोवतीची पातळ वेष्टणंही आखडतात आणि ओला कपडा पिळावा तसं आतलं पाणी बाहेर येतं. रस्सा उकळत असतो १०० अंशांच्या आसपास. म्हणजे बोटी रश्श्यात पोहत असली तरी ती रस्सा शोषत नसते, उलट स्वतःचं पाणी रश्श्याला देत असते.

घरी पडताळून पाहायचं तर १ किलो बोनलेस रान शिजवण्याआधी तोला आणि शिजल्यावर नुसत्या बोट्या गाळून पुन्हा तोला. साधारण ६०० ते ७०० ग्रॅम भरेल. बाकीचं सगळं रश्श्यात गेलं. कुकरमध्ये तापमान १०० च्याही वर जातं, म्हणून दोन शिट्ट्या जास्त झाल्या की बिनचरबीची बोटी आणखी पिळली जाते. ती मोडते सहज, पण चावली की कोरडी. मऊपणा आणि रसाळपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग चरबी काय करते?

मांसाच्या धाग्यांच्या मधेमधे पांढऱ्या रेषांनी पसरलेल्या चरबीला मार्बलिंग म्हणतात, कारण ती संगमरवराच्या नक्षीसारखी दिसते. आखातातल्या सुपरमार्केटमध्ये आयात केलेल्या बीफच्या तुकड्यावर ही नक्षी स्पष्ट दिसते. अमेरिकेत बीफची प्रतवारी करताना ती पाहिली जाते आणि जपानमध्ये तिला १ ते १२ अंक देतात.

ही चरबी पाण्याला आत कोंडून ठेवत नाही. पाणी तर जातंच. पण चरबी वितळून धाग्यांच्या मधे राहते, त्यामुळे चावताना धागे एकमेकांवरून सहज सरकतात. शिवाय चरबीने तोंडाला लाळ सुटते. पहिल्या चाव्याला जो रस लागतो तो पाण्याचा, आणि त्यानंतर चावत राहिलं तरी जो ओलावा टिकतो तो चरबीचा आणि लाळेचा.

आपल्या बकऱ्याची अडचण इथेच आहे. बकरा आपली चरबी मुख्यतः पोटात साठवतो, गुर्द्याभोवती आणि आतड्यांवरच्या जाळीत. धाग्यांमध्ये ती फार थोडी आणि कातडीखालीही पातळच. मेंढीच्या पाठीवर चरबीचा जाड थर दिसतो, तसा बकऱ्यावर सहसा दिसत नाही. मोठ्याच्या गोश्ताचंही असंच. २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडे मोठ्याचं म्हणजे म्हशीवर्गाचंच. या गोश्तात मार्बलिंग कमी असतं. अंडरकट घ्या: तो स्नायू जनावर फारसं वापरत नाही म्हणून मुळातच मऊ असतो, पण चरबी नाही, म्हणून तासभर सालनमध्ये शिजवला की लाकूड. अंडरकट पातळ कापून तव्यावर झटपट करावा. निहारीला मात्र पायाचं, शिरांचं गोश्तच हवं.

मान, दस्त, सीना आणि पाय यांत शिरा आणि पडदे भरपूर. मंद आचेवर दोन-तीन तास राहिले की ते विरघळून चिकट होतात, तोच चिकटपणा रश्श्यात बोटांना लागतो. धाग्यांतलं पाणी इथेही गेलेलं असतं, पण त्याची जागा हा चिकट ओलावा आणि थोडी चरबी भरून काढते. बोनलेस रानात हे दोन्ही कमी.

वरची चरबी आत झिरपते का?

नाही. रानवर चरबीचा थर ठेवला म्हणजे ती वितळून आत मुरते, हा गैरसमज आहे. ती खाली वाहून जाते. पण तिचा उपयोग वेगळा आहे: भाजताना वरचा भाग वाळत नाही. म्हणून अख्खं रान भाजायचं असेल तर त्यावरची पातळ पांढरी चरबी साफ करून टाकू नका. पोटातली जाळीदार चरबी धुऊन वरून पांघरली तर आणखी चांगलं. हाड काढू नका, भांडं झाकून मंद आचेवर ठेवा आणि खाली जमलेला रस अधूनमधून वरून ओता.

खिम्यात मात्र चरबी खरोखर आत घालता येते. १ किलो बिनचरबीच्या खिम्याला १५० ते २०० ग्रॅम चरबी सोबत दळून घेतली की सीख कबाब कोरडे होत नाहीत. ते गरमच वाढा. मेंढी-बकऱ्याची चरबी शरीराच्या तापमानापेक्षा जास्त उष्णतेला वितळते, त्यामुळे गार झाली की टाळूला चिकटते.

फ्रीजरची घाई

चरबीच्या थराचं आणखी एक काम कत्तलीनंतर लगेच सुरू होतं. तो पांघरुणासारखा गोश्त हळूहळू गार होऊ देतो. जनावर ताठरण्याआधीच गोश्त १० अंशांखाली गेलं तर धागे घट्ट आखडतात. १९६३ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. बकऱ्यावर पांघरूण नाही, त्यात आपण बोनलेस करून, लहान बोट्या पाडून, हाताला कोमट लागणाऱ्या पिशव्या थेट फ्रीजरमध्ये कोंबतो. असं गोश्त बाहेर काढल्यावर पिशवीत लाल पाण्याचं तळं साचतं आणि शिजल्यावर चामडं होतं.

जे त्याच दिवशी खायचं ते ताजंच चढवा. जे ठेवायचं त्याचे मोठे, हाडासकट तुकडे ठेवा. हाडाला धरून असलेला स्नायू तितका आखडू शकत नाही. आधी एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, पसरट भांड्यात, मग फ्रीजरमध्ये. बाहेर उघड्यावर मात्र ठेवू नका, उकाड्यात गोश्त बिघडतं.

वाटे करतानाच पिशव्यांवर नाव लिहिलं तर काम सोपं होतं: मान-सीना-पाय निहारी आणि सालनसाठी, दस्त बिर्याणीसाठी, रान अख्खं भाजायला किंवा चरबी घालून खिम्याला. पुढच्या वेळी बोटी कोरडी लागली तर कसायाला बोल लावण्याआधी पिशवीवर काय लिहिलं होतं ते आठवून पाहा.