लंडनमध्ये तरी मुलगा निवडून मिळेल का?

ब्रिटनमधल्या मराठी घरांत एक समज पक्का बसलेला असतो: लिंगनिवडीवर बंदी भारतात आहे, इथे नाही. या समजाला थोडा आधारही आहे. इथे विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत विचारलं, तर मुलगा की मुलगी हे बहुतेक रुग्णालयांत सांगतात. भारतात तसं सांगणं 1994च्या कायद्याने गुन्हा आहे. पण आयव्हीएफमध्ये भ्रूण निवडताना ब्रिटनचा कायदाही तितकाच कडक आहे. 2008च्या सुधारित कायद्यानुसार गंभीर, लिंगाशी निगडित आजाराचा धोका असेल तरच लिंग पाहून भ्रूण निवडता येतो. शुक्राणू वेगळे करण्याच्या पद्धतींनाही तोच नियम लागू आहे. परवानाधारक क्लिनिकमध्ये गुणसूत्रांची तपासणी झाली, तर त्यातून लिंग कळतंच, पण ती माहिती सामाजिक कारणासाठी वापरणं हा परवान्याच्या अटींचा भंग ठरतो.

दुसरा समज: ही बंदी मुलींना वाचवण्यासाठी आहे, मग ज्यांना मुलगी हवी त्यांना ती कशाला? 2000 साली स्कॉटलंडमधल्या एका जोडप्याने नेमकं हेच विचारलं. त्यांना चार मुलगे होते आणि एकुलती एक मुलगी अपघातात गेली होती. त्यांना परवानगी मिळाली नाही, म्हणून ते रोमला गेले. तिथे मुलाचा एकच भ्रूण तयार झाला आणि तो त्यांनी दुसऱ्या जोडप्याला दिला. त्यांचं दुःख खरं होतं, हे कुणीच नाकारलं नाही. तरीही नियामक संस्था एचएफईएने 2002-03 मध्ये लोकांची मतं मागवली, तेव्हा 80 टक्क्यांहून अधिक उत्तरं वैद्यकीय कारणाशिवाय लिंगनिवडीच्या विरोधात आली. मुलाने अमुकच असावं अशी अट घालून जन्म दिला, तर ती अट त्या मुलाच्या अंगावर पडते, ही त्यातली एक मोठी काळजी होती. मला ती पटते. अपेक्षा मुलीची असली म्हणून तिचं ओझं हलकं होत नाही.

तिसरा समज जास्त गुंतागुंतीचा आहे: हे तंत्र मुळात वाईट हेतूनेच आलं. खरं तर भ्रूणाची जनुकीय तपासणी 1990 साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात सुरू झाली, तीच लिंग ओळखण्यापासून. आईच्या एक्स गुणसूत्रावर दोष असला, तर मुलग्यांना गंभीर आजार होण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून तीन दिवसांच्या भ्रूणाची एक पेशी काढून तिच्यात वाय गुणसूत्राचा अंश शोधायचे. तो दिसला नाही तर मुलगी समजायची. यातली जोखीम उघड आहे: चाचणीच फसली तरी काही दिसत नाही, आणि मुलगा मुलगी म्हणून नोंदला जाऊ शकतो.

आज वैद्यकीय कारणासाठीसुद्धा नुसतं लिंग पाहणं अनेकदा अपुरं ठरतं. हिमोफिलियाची वाहक असलेली आई घ्या. आठ भ्रूणांत सरासरी चार मुलगे असतील आणि त्यांतले दोनच बाधित. फक्त मुली निवडल्या, तर दोन निरोगी मुलगे विनाकारण बाजूला पडतात. त्याच दोषाची थेट चाचणी केली, तर सहा भ्रूण हाती राहतात.

असं कारण नसताना जोडपं क्लिनिकमध्ये विचारायला आलं, की चांगला समुपदेशक लगेच कायदा वाचून दाखवत नाही. आधी विचारतो, हे कधीपासून मनात आहे आणि कुणाच्या मनात? ‘सासूबाईंना नातू हवाय’ असं उत्तर आलं, तर बाईशी एकटीने बोलायची वेळ काढली जाते, आणि दुभाषा लागला तर तो घरातला नसतो. मग कुटुंबात मुलग्यांनाच झालेल्या आजाराची चौकशी होते, कारण ‘मुलगाच हवा’ किंवा ‘मुलगा नको’ या हट्टामागे कधी कधी दगावलेला भाऊ किंवा मामा असतो. तसं निघालं, तर त्यांना जनुकीय सल्ला केंद्राकडे पाठवतात.

नाही निघालं, तर नकार स्पष्ट शब्दांत दिला जातो, पण दार बंद होत नाही: वंध्यत्वासाठी उपचार हवे असतील तर ते चालू राहतात. परदेशी जाण्याची भाषा निघते तेव्हा डॉक्टर हिशोब मांडतात. मूल सहज होऊ शकणाऱ्या स्त्रीला रोजची इंजेक्शनं, भूल देऊन बीजं काढणं आणि अंडाशय सुजण्याचा धोका हे सगळं सोसावं लागतं. ब्रिटनमध्ये पस्तिशीच्या आतल्या स्त्रीलाही रोपण केलेल्या एका भ्रूणामागे मूल जन्मण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश असते. त्यात हवं ते लिंग नसलेले भ्रूण वगळले, तर रोपणासाठी एकही न उरण्याची शक्यता असते, हे रोमला गेलेल्या त्या जोडप्याने अनुभवलं होतं.